डिगॉक्सिनची गोळी आणि उन्हाळ्यातले जुलाब

समजा, परभणीजवळच्या एका गावात सत्तरीच्या सासूबाई आहेत. त्यांचं हृदय अशक्त, ठोके जलद आणि अनियमित. डॉक्टरांनी डिगॉक्सिनची गोळी दिली, आठवड्यातून 5 दिवस, आणि सूज उतरायला लघवीची गोळी.

डिगॉक्सिन हृदयाचं आकुंचन जोरदार करतं. शिवाय वरच्या कप्प्यांतून खाली धावणारे ठोके थोपवतं, म्हणून नाडी हळू होते. पण गुण देणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं.

मे महिन्यात सासूबाईंना जुलाब लागले. जुलाबातून आणि लघवीच्या गोळीमुळे अंगातलं पोटॅशियम कमी झालं. ते घटलं की तेवढंच डिगॉक्सिन हृदयाला जास्त जाणवतं. त्यात पाणी आटून मूत्रपिंड मंदावलं. डिगॉक्सिन बाहेर पडतं ते मुख्यतः मूत्रपिंडातूनच, म्हणून ते अंगात साचलं. एकही गोळी जास्त न घेता बाधा झाली.

आधी भूक मेली, मळमळ, उलटी झाली. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. मग सगळं पिवळसर दिसू लागलं, बोलण्यात गोंधळ, नाडी मिनिटाला 60च्या खाली.

अशा वेळी पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे हृदयाचा आलेख आणि रक्तातलं पोटॅशियम तपासतात. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. काही दुसरी औषधंही डिगॉक्सिन वाढवतात.