तपासणीत शून्य टक्के, तरीही चोरी

(संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



तुमच्यापैकी बहुतेकांना प्रबंध सादर करण्याआधी तो सॉफ्टवेअरमधून तपासून घ्यावा लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली साम्याच्या टक्केवारीवर चालते. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. त्याच्या वर चाळीसपर्यंत एक पायरी, साठपर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. मला आज त्या चोरीबद्दल बोलायचं आहे जी या यंत्राला कधीच दिसणार नाही. हे यंत्र छापलेल्या किंवा इंटरनेटवर असलेल्या मजकुराशी तुलना करतं. वस्तीतल्या बाईने ओट्यावर बसून तुम्हाला जे सांगितलं, ते कुठेच छापलेलं नसतं. तिचं सगळं बोलणं तुम्ही स्वतःच्या नावावर घातलंत तरी अहवालात शून्य टक्के येईल.

ज्या समाजाचं ज्ञान शतकानुशतकं लिहून ठेवू दिलं गेलं नाही, त्याच्याबाबत या शून्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

एक उदाहरण घेऊ. ते मी समजावण्यासाठी रचलं आहे, पण सफाई कामगारांमध्ये काम केलेल्यांना ते अनोळखी वाटणार नाही. एका महानगरपालिकेत ठेक्यावर झाडूकाम करणारी बाई मुलाखतीत म्हणते, "अकराव्या महिन्यात ठेकेदाराचं नाव बदलतं. मुकादम तोच, गाडी तीच, झाडूपण तोच. पण आमची नोकरी परत पहिल्या दिवसापासून. मोजायचंच नाही आम्हाला, म्हणून नाव बदलतात." कामगार कायद्यात वर्षभरातल्या २४० दिवसांच्या कामाला महत्त्व आहे, हे तिला युनियनच्या बैठकांमधून माहीत आहे. ठेका का तोडतात, हे तिने स्वतः ताडलं आहे.

आता संशोधक प्रबंधात लिहितो, "ठेक्याचं नूतनीकरण हे कामगाराची सेवा पुसून टाकण्याचं तंत्र आहे, असं या अभ्यासातून दिसतं." आणि खाली अवतरण देतो फक्त "झाडूपण तोच" एवढ्याचं. पाहा काय झालं. बाईच्या वाट्याला आलं दुःखाचं चित्र आणि संशोधकाच्या वाट्याला आलं विश्लेषण. प्रत्यक्षात "मोजायचंच नाही, म्हणून नाव बदलतात" हे विश्लेषण तिचं आहे. ते प्रमाण भाषेत आणलं म्हणून त्याचा मालक बदलत नाही. एखाद्या प्राध्यापकाच्या लेखातला युक्तिवाद शब्द बदलून घेतला असता तर आपण त्याला वाङ्मयचौर्य म्हटलं असतं. इथेही तेच म्हणायला हवं.

दुरुस्ती अवघड नाही. असं लिहा: "ठेकेदाराचं नाव बदलण्याचा हेतू सेवेचे दिवस मोजले जाऊ नयेत हा आहे, असा युक्तिवाद एका सफाई कामगार महिलेने मांडला (मुलाखत ७, मार्च २०२३). उपलब्ध ठेका-करारांच्या तारखांवरून तिच्या म्हणण्याला दुजोरा मिळतो." म्हणजे युक्तिवाद तिचा, आणि करार शोधून तपासण्याचं काम तुमचं. दोन्ही श्रम वेगळे दिसतात. ओळखण्याची खूण सांगते. तुमच्या प्रबंधातली "म्हणाली", "सांगितलं", "आठवण काढली" ही क्रियापदं मोजा आणि "युक्तिवाद केला", "कारण दाखवलं", "फरक केला" हीही मोजा. पहिली सगळी वस्तीतल्या लोकांना आणि दुसरी सगळी पुस्तकांच्या लेखकांना मिळाली असतील, तर गडबड आहे.

संदर्भशैलीच्या गोंधळातूनही ही चोरी घडते. एपीए शैलीत तुमच्या स्वतःच्या अभ्यासातल्या सहभागी व्यक्तींची अवतरणं संदर्भसूचीत जात नाहीत. त्याचा अर्थ अनेक जण "मग संदर्भ द्यायचाच नाही" असा घेतात. सूचीत नोंद नसली तरी वाक्यात कोणाचं आहे ते सांगावंच लागतं. म्हणून प्रत्येक मुलाखतीला क्रमांक द्या आणि पद्धतीच्या प्रकरणात त्या क्रमांकांची माहिती द्या.

इथे दुसरा प्रश्न उभा राहतो. श्रेय द्यायचं तर नाव लिहावं लागतं, आणि नाव लिहिलं तर बाईची नोकरी जाऊ शकते.

आपल्याकडे याची दोन वेगळी उत्तरं छापलेली आहेत. जेम्स फ्रीमन यांचं ओडिशातल्या एका बावरी माणसाचं जीवनकथन १९७९ साली आलं. त्यात कथन करणारा "मुली" या टोपणनावाने येतो आणि लेखक म्हणून नाव फ्रीमन यांचं. दुसरीकडे तमिळ शेतमजूर विरम्मा यांचं कथन जोसियान रासीन यांनी तमिळमध्ये ऐकून, जाँ-ल्यूक रासीन यांच्यासोबत पुस्तकरूपात आणलं. त्यावर लेखकांमध्ये विरम्मांचं नाव आहे. आपल्या मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या "आम्हीही इतिहास घडवला"मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया स्वतःच्या नावाने बोलतात. चळवळीत नाव पुसलं जाणं हाच अन्याय होता, त्यामुळे तिथे नाव लपवणं म्हणजे पुन्हा पुसणं ठरलं असतं. पण आज ठेकेदाराविरुद्ध बोलणाऱ्या बाईचा हिशोब वेगळा आहे. म्हणून "सगळ्यांची नावं बदला" हा नियमही चुकीचा आणि "सगळ्यांना नाव द्या" हाही. विचारावं लागतं.

एकच "संमती आहे का?" विचारून भागत नाही. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा. रेकॉर्ड करू का? तुमचं बोलणं जसंच्या तसं छापू का? नाव लिहू का? आणि हे रेकॉर्डिंग नंतर दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ का? एखादी बाई पहिल्या तिन्हींना हो म्हणेल आणि चौथ्याला नाही. तिचा नवरा किंवा युनियनचा पुढारी हो म्हणाला तर ती तिची संमती नाही. कागदावर सही घेण्याची तिला भीती वाटत असेल, आणि आपल्या वस्त्यांत कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्यांचा इतिहास पाहता ती वाटणारच, तर हीच चार उत्तरं तिच्या आवाजात रेकॉर्ड करा. कुठल्या तारखेपर्यंत ती शब्द मागे घेऊ शकते, हेही सांगा. प्रबंध छापून गेल्यावर तुम्ही काही परत आणू शकणार नाही. ही मर्यादा लपवू नका.

मग मजकूर तयार झाला की पुन्हा जा. फॉर्म न नेता ते वाक्य न्या. "ताई, तुमचं हे वाक्य असं छापणार आहे" म्हणून वाचून दाखवा. बोलण्याच्या ओघात दिलेली परवानगी आणि छापील वाक्य ऐकून दिलेली परवानगी यांत फरक पडतो. कुणी म्हणेल, "ठेकेदाराला शिवी दिली ती काढा, पण कारण सांगितलं ते ठेवा." काढा. बोलीबद्दलही तिथेच विचारा. तुमचे प्रश्न छापताना तुम्ही प्रमाण मराठीत करणार आणि तिची उत्तरं तेवढी बोलीत ठेवणार असाल, तर वाचकाला ती अडाणी दिसते. दोघांचं बोलणं जसं झालं तसं ठेवा, किंवा तिला हवं तसं करा. इंग्रजीत नेलं तर भाषांतर कुणाचं ते लिहा.

नाव लपवायचं ठरलं तरी काम संपत नाही. जात हीच आपल्याकडे पत्ता असते. गावात मातंगांची चारच घरं असतील आणि त्यांत एकच बाई बारावी झालेली असेल, तर "सुनीता"चं "अनिता" करून कुणाची फसवणूक होत नाही. शिवाय तुकडे जुळतात. प्रकरण दोनमध्ये मुलाखत ७ विधवा असते, प्रकरण तीनमध्ये ती लातूरकडून आलेली असते, प्रकरण चारमध्ये तिला तीन मुली असतात. प्रत्येक वाक्य निरुपद्रवी, पण मुकादमाला ओळख पटते. त्यासाठी एक साधी वही ठेवा. प्रत्येक क्रमांकापुढे तुम्ही प्रबंधात कुठल्या पानावर काय उघड केलं ते लिहीत जा. मग स्वतःला विचारा: परदेशातल्या वाचकाला नाही, तिच्या मुकादमाला हे वाचून ती कळेल का? कळत असेल तर विश्लेषणाला गरज नसलेले तपशील गाळा. मात्र तपशील खोटे घालू नका. विधवा बाईला विवाहित केलंत तर पुढचा अभ्यासक त्यावर चुकीचा निष्कर्ष उभा करेल.

आता टिपणवह्यांबद्दल. रेकॉर्डर बंद असताना लोक जास्त बोलतात, आणि ते आपण रात्री खोलीवर येऊन लिहितो. इथे तीन गोष्टी एकमेकांत मिसळतात: तिचे नेमके शब्द, तिच्या म्हणण्याचा मला आठवलेला आशय, आणि माझा विचार. लिहितानाच तीन खुणा वापरा. अवतरणचिन्ह फक्त त्या शब्दांना, जे तिथल्या तिथे लिहिले. आशय असेल तर साधं वाक्य, समोर बोलणाऱ्याचा क्रमांक. आपला विचार चौकटी कंसात. दोन वर्षांनी वही उघडाल तेव्हा कुठलं चमकदार वाक्य कुणाचं, हे आठवणार नाही, आणि अशा वेळी आपला हात ते आपलंच मानतो. रात्री आठवून लिहिलेल्या वाक्याला अवतरणचिन्ह दिलं तर उलटा दोष घडतो. न बोललेले शब्द तुम्ही तिच्या तोंडी घातलेले असतात. आणि "हे लिहू नका" म्हणून सांगितलेली गोष्ट आशय म्हणूनही येऊ शकत नाही.

वस्तीतल्या ज्या मुलाने तुम्हाला घरोघर नेलं, मुलाखती घेतल्या, रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढल्या, त्याची टिपणं त्याची आहेत. ती वापराल तिथे तसं लिहा. आभारातली एक ओळ त्याची भरपाई करत नाही.

शेवटचं, दुसऱ्याने घेतलेल्या मुलाखतीबद्दल. "आम्हीही इतिहास घडवला"मधल्या एखाद्या बाईंचं म्हणणं घ्यायचं असेल, तर बाईंचं नाव, पुस्तक, लेखिका आणि पान हे सगळं यायला हवं. केवळ बाईंचं नाव देऊन पुढे गेलात तर तुम्हीच त्यांना भेटलात असं वाटतं, आणि पवार-मून यांनी घरोघरी फिरून केलेले कष्ट पुसले जातात. केवळ लेखिकांची नावं दिलीत तर बाई पुसल्या जातात.

तुमच्या प्रबंधाचं एखादं प्रकरण तयार असेल तर आज घरी जाऊन त्याचं एकच पान घ्या. प्रत्येक कल्पनेखाली पेन्सिलने लिहा की ती कुणाकडून आली. ज्या रेघेखाली तुम्हाला नाव किंवा क्रमांक लिहिता येत नाही, ती वहीत जाऊन शोधा. सापडली नाही, तर ती तुमची आहे असं गृहीत धरू नका.

जय भीम.