खम्ममची लस, बार्शीची नोंद आणि आपल्या मुली

(मंडळाच्या महिला विभागाने भरवलेल्या पालक सभेतील भाषणाचा मजकूर)



सभेच्या आधी आपण शंका लिहून पाठवल्या, त्या मी सगळ्या वाचल्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस मुलीला द्यावी की नाही, असा प्रश्न आहे. पण निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत खम्ममचे नाव आहे. "तिथे मुली मेल्या ना?" असे एकाने सरळ विचारले आहे. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. खम्मम आपल्या शेजारी आहे, आणि तिथे जे झाले त्याची चौकशी संसदेच्या समितीनेही केली. म्हणून लशीचे गुणगान न करता आधी खम्ममचेच सांगतो.

जुलै 2009 मध्ये, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या सुमारे 14 हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. भद्राचलम, कोत्तागुडेम आणि तिरुमलायपालेम ही त्यासाठी निवडलेली तीन मंडले. पाथ ही अमेरिकेतली संस्था, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद म्हणजे आयसीएमआर, आणि राज्य सरकार असे तिघे त्यात होते. पैसा बिल गेट्स यांच्या फाउंडेशनचा आणि लस कंपनीने फुकट दिलेली. गुजरातमध्ये वडोदऱ्यातही असाच प्रकल्प चालला. दोन्ही ठिकाणच्या मिळून सात मुली पुढच्या काही महिन्यांत दगावल्या, त्यांतल्या पाच खम्ममच्या. एप्रिल 2010 मध्ये केंद्र सरकारने हे काम थांबवले.

आता इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. मुली कशाने गेल्या हा एक, आणि त्यांना लस कोणाच्या परवानगीने दिली हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर असे. खम्ममच्या पाच मुलींपैकी एक पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक घेतले आणि एक मलेरियाने गेली. गुजरातच्या दोघींच्या मृत्यूचे कारण इतके स्पष्ट नव्हते. एकीला जोराचा ताप होता, दुसरीच्या बाबतीत मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय होता. केंद्राने नेमलेल्या समितीने 2011 मध्ये सांगितले, की या मृत्यूंचा लशीशी संबंध नाही किंवा असण्याची शक्यता फार कमी आहे. संसदीय समितीने मात्र 2013 मध्ये, मृत्यूंचा तपास खोलात जाऊन केला नाही असा ठपका ठेवला. तो ठपका योग्य आहे. एवढ्या मुलींना लस देणाऱ्यांनी प्रत्येक मृत्यूची कसून चौकशी तेव्हाच करायला हवी होती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर त्याहून वाईट आहे. तपासलेल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या आणि 1,948 वर नुसते अंगठे. बऱ्याच मुली आदिवासी, आई-वडिलांपासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या. वॉर्डन म्हणजे पालक नव्हे. अंगठा उठवणाऱ्या बापाला कागद वाचून कोणी समजावला का, हे त्या अंगठ्यावरून कळत नाही. त्रास झाला तर कळवायचे कोणाला, याचीही नीट सोय नव्हती. संसदीय समितीने पाथ आणि आयसीएमआर या दोघांनाही यासाठी दोषी धरले.

म्हणजे खम्ममविषयी आपला राग रास्त आहे. पण तो राग न विचारता लस देणाऱ्यांवर असायला हवा. लस कशी आहे, हे दुसऱ्याच पुराव्यावरून ठरवावे लागते, आणि तो पुरावा आपल्याच मुलखातून आला आहे.

एप्रिल 2010 च्या त्या आदेशाने आणखी एक काम थांबले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा एक वेगळाच अभ्यास सप्टेंबर 2009 पासून देशात चालू होता. त्याच्या केंद्रांत बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय होते, पुणे आणि मुंबई होती, आणि आपल्या हैदराबादची मेहदी नवाज जंग कर्करोग संस्थाही होती. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, एवढेच त्यांना पाहायचे होते. आदेश आला तेव्हा 10 ते 18 वर्षांच्या 17 हजारांहून अधिक मुलींना लस सुरू झाली होती. कोणाच्या तीन मात्रा पूर्ण, कोणाच्या दोन, आणि सुमारे 4,950 मुलींना फक्त पहिली. पुढची मिळालीच नाही.

अभ्यास फसला असे म्हणून डॉक्टरांनी नोंदवह्या मिटल्या नाहीत. ते या मुलींच्या घरी जात राहिले. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, बाळंतपणे झाली. लग्नानंतर काही काळाने आणि पुढे दरवर्षी त्यांच्या गर्भाशयमुखाचे नमुने तपासले गेले. दहा वर्षांचा हिशेब 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाला सर्वांत जास्त कारणीभूत असलेल्या 16 आणि 18 क्रमांकाच्या विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग एका मात्रेने सुमारे 95 टक्के रोखला होता. दोन आणि तीन मात्रांचा आकडाही तेवढाच, 93 टक्के.

यातली मर्यादाही सांगितली पाहिजे. एक मात्रा कोणाला मिळावी हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, ते आदेशाने घडले. शिवाय इथे कर्करोग मोजलेला नाही, टिकलेला संसर्ग मोजला आहे, कारण संसर्गापासून कर्करोगापर्यंत दहा-वीस वर्षे जातात. पहिली उणीव केनियात चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासाने भरून काढली. दुसरी स्कॉटलंडने. तिथे 2008 पासून शाळेत मुलींना लस मिळते, आणि 12-13 व्या वर्षी लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग झालेली एकही बाई नसल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयाच्या मुलींसाठी एक मात्राही चालेल असे सांगितले, त्यामागे बार्शी-हैदराबादच्या त्या नोंदवह्याही आहेत. डॉक्टरांनी लशीच्या पत्रकाप्रमाणे 15 वर्षांखालच्या मुलीला सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा सांगितल्या, तर ते फसवत आहेत असे समजू नका. दोन्ही पद्धती मान्य आहेत.

आता चिठ्ठ्यांतल्या उरलेल्या शंका.

"ती अजून लहान आहे, आत्ताच का?" ही लस संसर्ग होण्याआधी काम करते, झालेला संसर्ग बरा करत नाही. आणि 9 ते 14 या वयात शरीर तिला सर्वांत चांगला प्रतिसाद देते. म्हणून लवकर.

"आमच्या घरातल्या मुलींना याची काय गरज?" हे वाक्य जपून लिहिले होते, पण अर्थ कळला. हा विषाणू चारित्र्याची परीक्षा घेत नाही. तो शरीरसंबंधातून येतो, आणि लग्न होऊन सरळ संसार करणाऱ्या बाईलाही नवऱ्याकडून येऊ शकतो. बहुतेक वेळा शरीर त्याला एक-दोन वर्षांत घालवते. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो, आणि देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कर्करोग होतो.

"पुढे मूल होणार नाही असे ऐकले." लशीत विषाणू नसतो. विषाणूच्या वरच्या कवचाचे प्रथिन असते, आत काहीच नाही. त्यामुळे तिच्याने संसर्ग होत नाही. ती 2006 पासून वापरात आहे, लस घेतलेल्या मुली आज आया झाल्या आहेत, आणि वंध्यत्वाशी तिचा संबंध आढळलेला नाही.

"त्रास काय होतो?" दंड दुखतो, सुजतो, थोडा ताप येतो. या वयाच्या मुलींना सुईच्या भीतीने चक्कर येते, म्हणून लस घेतल्यावर पंधरा मिनिटे तिथेच बसवावे. खरी तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एक-दोघींना येते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे ही तिची खूण. ती बहुधा त्या पंधरा मिनिटांतच दिसते, आणि तिचे इंजेक्शन जवळ असलेल्या ठिकाणीच लस घ्यावी. मुलीला जोराचा ताप असेल तर त्या दिवशी थांबा. आधीच्या मात्रेची किंवा यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि आयांनो, ही लस मुलीला कर्करोगाच्या सगळ्याच विषाणूंपासून वाचवत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी हवीच. तुमच्यासाठी तर तपासणी हाच उपाय. उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्याच डॉक्टरांनी एक लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत या विषाणूची तपासणी एकदाच झाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

शेवटी आपल्या मंडळापुढे एक ठराव मांडतो. आपल्या मुलींच्या शाळेत किंवा वसतिगृहात लस द्यायची असेल तर तिचा कागद आठ दिवस आधी घरी यावा, तेलुगू, उर्दू आणि मराठीत यावा. त्यावर आईची किंवा वडिलांची सही असावी, मुख्याध्यापकांची चालणार नाही. "नाही" म्हणणाऱ्या पालकाच्या मुलीला वर्गात वेगळी वागणूक मिळू नये. लशीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहिलेले कार्ड मुलीच्या हातात द्यावे, आणि त्रास झाला तर कोणाला फोन करायचा ते त्यावर छापलेले असावे. हे सगळे मिळत असेल, तर माझा सल्ला आहे की मुलीला लस द्या. मिळत नसेल तर आधी ते मागा, मंडळ तुमच्याबरोबर येईल, आणि तोवर आपल्या डॉक्टरांकडे मुलीला घेऊन जा.

आता आपले प्रश्न विचारा. मुलींनाही काही विचारायचे असेल तर त्यांना बोलू द्या.