अर्ध्या अंशाचा हिशेब

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की एकवीस दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात, हे खेड्यातले शेंबडे पोरही सांगेल. या एकवीस दिवसांत कोंबडी कोणतेही मोजमाप करीत नाही. तिच्या शरीराची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. पोटाखालची पिसे गळून उघडी पडलेली कातडी अंड्यांना टेकते, आणि अंड्याच्या आतील उष्णतामान ३८ अंशांच्या आसपास राहते. मधूनच ती उठते, चार दाणे टिपते, परत येऊन बसते आणि काठावरचे अंडे चोचीने आत ओढून घेते. माणसाने हे काम पेटीकडे सोपविले, तेव्हा कोंबडीला जे अंगाने कळत होते, ते त्याला दुसऱ्या कशाने तरी जाणून घ्यावे लागले. इजिप्तमध्ये विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबविणारे कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब अजमावीत. १७४९ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने या विद्येवर ग्रंथ लिहिला, आणि पापणीचे काम उष्णतामापकाकडे दिले.

उष्णतामापक पापणीपेक्षा सूक्ष्म खरा. पण पापणी अंड्याला टेकत असे, उष्णतामापक मात्र हवेत लटकत असतो. तो हवेची उष्णता सांगतो, अंड्यातील गर्भाची नव्हे. पुष्कळशा अपयशांचे मूळ या एवढ्याशा फरकात असते.

ज्या यंत्रात पंखा हवा सतत फिरवीत असतो, तेथे वरपासून खालपर्यंत उष्णता सारखी असते. तेथे ३७.५ ते ३७.८ अंश हे मान योग्य ठरते. घरगुती पेटीत पंखा नसतो. तेथे गरम हवा वर चढते आणि थंड हवा तळाशी बसते. झाकणाखाली आणि तळाशी दोन-तीन अंशांचे अंतर सहज पडते. अशा पेटीत अंड्याची वरची बाजू ऊन आणि खालची त्यामानाने गार राहते. म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ३८.५ ते ३९ अंश ठेवावे लागतात; तेव्हा कोठे अंड्याच्या मध्यभागी हवी ती ऊब पोहोचते. आकडे दोन दिसले, तरी गर्भाची गरज एकच आहे.

ही गरज किती काटेकोर आहे, ते पिल्ले निघण्याच्या दिवसावरून कळते. गर्भाची वाढ उष्णतेच्या वेगाने चालते. अर्धा अंश अधिक राहिला, तर पिल्ले वेळेच्या आधीच कवच फोडू लागतात. पण घाईने वाढलेल्या गर्भाला पिवळा बलक पुरता पोटात ओढून घेण्यास अवधी मिळालेला नसतो. अशी पिल्ले लहान आणि रोडकी असतात, त्यांची नाभी नीट मिटलेली नसते, आणि फुटक्या कवचात पुष्कळदा रक्ताचे डाग दिसतात. उघड्या नाभीतून रोग शिरतो, आणि उबवणीतला दोष पहिल्या आठवड्यातील मरणात प्रकट होतो. उलट, उष्णता कमी राहिली तर पिल्ले उशिरा निघतात. ती दिसायला मोठी, पण मऊ आणि फुगलेल्या पोटाची असतात. लवकर उभी राहत नाहीत. कित्येक तर पूर्ण वाढ होऊनही कवच न फोडता आतच मरतात. सतत ४० अंश राहिले तर मात्र क्वचितच एखादे पिल्लू हाती लागते. उष्णता कमी झाल्याने उशीर होतो, अधिक झाल्याने जीव जातो, एवढा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

समजा, एका शेतकऱ्याने महिन्याच्या १ तारखेला पन्नास अंडी पेटीत ठेवली. पेटीला पंखा नाही. पिल्ले २२ तारखेला निघावयास हवीत. पण त्या दिवशी एकाही कवचाला तडा गेला नाही. २३ च्या संध्याकाळी पहिले पिल्लू निघाले, आणि २४ च्या रात्रीपर्यंत उरलेली रेंगाळत निघत राहिली. पिल्ले थोराड, पण लुळी. न फुटलेली अंडी त्याने फोडून पाहिली. काहींत गर्भाचा मागमूस नव्हता. ती मुळात फळलेलीच नव्हती, त्यांचा दोष उष्णतेकडे जात नाही. पण बऱ्याच अंड्यांत पुरते वाढलेले मृत पिल्लू होते. ही लक्षणे कमी उष्णतेची. तरीही शेतकरी शपथेवर सांगतो की, उष्णतामापक एकवीस दिवस ३८.५ च्या खाली कधी उतरला नाही.

अशा वेळी प्रथम उष्णतामापकाचीच साक्ष तपासावी. एका भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात पेटीतला उष्णतामापक आणि घरातला ज्वरमापक शेजारी शेजारी धरावे. पाणी ३८ अंशांच्या, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १०० अंशांच्या, जवळपास असावे. फार गरम पाण्यात ज्वरमापक फुटतो. दोहोंत अर्ध्या अंशाचा फरक आढळला, तर तो आकडा पेटीवर लिहून ठेवावा आणि पुढे प्रत्येक वेळी तेवढे वजा किंवा अधिक करावे. येथे मात्र दोन्ही आकडे जुळले. मग राहिली ती जागा. उष्णतामापकाचा फुगा अंड्यांच्या चार बोटे वर टांगलेला होता. तो खरे बोलत होता, पण झाकणाजवळच्या हवेविषयी. अंडी ज्या थरात होती, तेथे ऊब एका अंशाने कमी होती. फुगा अंड्यांच्या माथ्याशी आणला, तेथे ३८.५ अंश दिसेतो आच वाढविली, म्हणजे पुढची खेप तारखेला निघावयास हरकत नाही.

दोन प्रसंगी मात्र नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. पहिला प्रसंग शेवटच्या आठवड्याचा. पहिल्या आठ-दहा दिवसांत गर्भ पेटीकडून उष्णता घेतो. नंतर तो स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो, आणि अंडी भोवतालच्या हवेपेक्षा ऊन होतात. पेटी अंड्यांनी भरलेली असेल, तर पहिल्या दिवशी लावलेली आच पंधराव्या दिवशी अधिक ठरते. म्हणून या काळात आच हळूहळू उतरवावी आणि हवेची भोके अधिक उघडावी. वीज गेली, तर पेटी तास-दोन तास निवल्याने सहसा फार बिघडत नाही, कोंबडीही उठतेच. पण वीज येताच झालेली तूट भरून काढण्यासाठी आच वाढविणे, हे त्या थंडीपेक्षा अधिक घातक होय.

दुसरा प्रसंग पेटीच्या आधीचा. फळलेल्या अंड्यातील गर्भ सुमारे २० अंशांखाली निद्रित राहतो. नागपूर-सोलापूरकडच्या वैशाखात घरातील हवाच ३५ अंशांवर जाते. अशा घरात टोपलीत आठ दिवस साठविलेल्या अंड्यांतील गर्भ जागा होतो, पण पुरती ऊब न मिळाल्याने वेडावाकडा वाढू लागतो, आणि पेटीत गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच मरतो. सातव्या दिवशी दिव्यासमोर धरलेल्या अंड्यात रक्ताचे कडे दिसते ते पुष्कळदा याचेच. असे कडे पुष्कळ अंड्यांत असेल, तर दोष केवळ पेटीत शोधू नये. शक्यतो १५ ते १८ अंशांत, आणि ते न साधले तर ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात, अंडी ठेवावीत, आणि आठवड्याच्या आत ती पेटीत घालावीत. पेटीत ठेवण्यापूर्वी काही तास ती खोलीच्या हवेत राहू द्यावीत. एकदम उबेत ठेवल्यास कवचावर दव जमते.

पेटीच्या झाकणावर अंडी ठेवल्याची तारीख, पहिल्या तड्याची वेळ आणि शेवटचे पिल्लू निघाल्याची वेळ, एवढ्या तीन नोंदी केल्या, तर उष्णतामापक जे सांगत नाही ते त्या सांगतात. पहिला तडा विसाव्या दिवसाच्या आधी गेला, तर पुढच्या खेपेस आच थोडी उतरवावी. बाविसाव्यानंतर गेला, तर फुगा कोठे टांगला आहे, ते आधी पाहावे.