खोकला काढताना

घरी रेकॉर्ड केलेल्या मुलाखतीत दोन वाक्यांच्या मध्ये खोकला आलाय असं समजा. हेडफोन लावून फक्त खोकला निवडा आणि काढून टाका. दोन्हीकडची शांतता राहू द्या. त्या शांततेत पंख्याची घरघर असते. खोकल्याच्या जागी कोरी शांतता भरलीत, तर घरघर मध्येच तुटते आणि चोरी लगेच पकडली जाते.

तुकडे नुसते जोडले, तर सांध्यावर बारीक ‘टक्’ ऐकू येऊ शकतं, कारण दोन्हीकडच्या ध्वनिलहरींची उंची जुळत नाही. म्हणून क्रॉसफेड करायचा: तुकडे 20 ते 30 मिलिसेकंद एकमेकांवर चढवायचे. पहिला विरत जातो, त्याच वेळी दुसरा चढत येतो. सांध्यापाशी घरघर दबल्यासारखी वाटली, तर सरळ रेषेऐवजी ‘कॉन्स्टंट पॉवर’ वक्र निवडा.

लांबलेली शांतताही अशीच मधोमध कापावी, पण अर्धा-पाऊण सेकंद राहू द्यावा. बोलणाऱ्याचा श्वास मात्र अर्धवट तोडू नका. पुरता ठेवा किंवा पुरता काढा. आणि खोकला शब्दावरच आला असेल, तर क्रॉसफेडनं काही साधत नाही. ते वाक्य पुन्हा बोलून घ्यावं लागतं, त्याच खोलीत, माइकपासून तेवढ्याच अंतरावर.