डिलीट केलेल्या फाईलचं भाडं

रोजचा बॅकअप क्लाउडवर ठेवणाऱ्या छोट्या संस्थांशी आज बोलायचं आहे. समजा, एका पतसंस्थेचा डेटाबेस रोज रात्री अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री सेवेतल्या बकेटमध्ये जातो. फाईल १० जीबीची, नाव रोज तेच. व्हर्जनिंग बंद असेल तर आजची फाईल कालच्या फाईलची जागा घेते आणि कालची कायमची जाते. आजचा डेटा बिघडलेला निघाला, तर मागे जायला वाटच उरत नाही.

व्हर्जनिंग चालू केलं की जुनी प्रत मागे सरते, पण बकेटमध्येच राहते. कुणी चुकून फाईल डिलीट केली, तरी तिच्यावर फक्त ‘हटवली’ अशी खूण बसते. ती खूण काढली की फाईल परत दिसते.

पण भाडं प्रत्येक प्रतीचं पूर्ण लागतं, नुसत्या बदललेल्या भागाचं नाही. तीस रात्रींनंतर यादीत १० जीबीची एकच फाईल दिसते आणि पैसे मात्र ३०० जीबीचे पडतात. मग कुणीतरी ती फाईल डिलीट करतं आणि बिल तसंच राहतं. अशा वेळी यादीवरचा ‘Show versions’ हा खटका चालू करून बघा, सगळ्या प्रती समोर येतात.

यावर उपाय लाइफसायकलच्या नियमाचा. इथे नेहमी होणारी चूक अशी, की चालू प्रतीची मुदत संपवणारा नियम निवडला जातो. व्हर्जनिंग असलेल्या बकेटमध्ये तो नियम पुन्हा ती खूणच लावतो, जागा काही मोकळी होत नाही. आपल्याला हवा तो `NoncurrentVersionExpiration`, म्हणजे मागे सरलेल्या प्रती पुसणारा. त्यात १४ दिवस घाला. दिवस मोजले जातात ते प्रत मागे सरल्यापासून, ती तयार झाल्यापासून नव्हे. मग साधारण पंधरा प्रती, म्हणजे १५० जीबीच्या आसपास साठा स्थिर राहतो.

तरी एक धोका उरतोच. बॅकअपचं काम महिनाभर बंद पडलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर जुन्या प्रती एकेक करून पुसल्या जातील आणि शेवटची एकच उरेल. म्हणून त्याच नियमात `NewerNoncurrentVersions` समोर ७ लिहा. मग कितीही दिवस गेले तरी मागच्या सात प्रतींना हात लागत नाही. माझ्या मते हा आकडा घातल्याशिवाय नियम चालूच करू नये.

ग्लेशियर डीप आर्काइव्ह हा वर्ग फार स्वस्त आहे, पण तिथे किमान १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं. चौदा दिवसांत पुसायच्या प्रती तिकडे हलवून पैसे वाचतीलच असं नाही. महिन्याची एक प्रत वेगळ्या नावाने, वर्षभरासाठी तिथे ठेवा. ती परत मागवायला बारा तासही लागू शकतात, तेव्हा सकाळी काउंटर उघडण्याआधी लागतील अशा प्रती नेहमीच्या साठ्यातच राहू द्या.