चोपण रानाला खत नको, जिप्सम हवं

मंडळी, यावलच्या व्यासपीठावर मातीबद्दल बोलायचं म्हणजे केळीबद्दलच बोलायचं. तापीकाठच्या खोल काळ्या रानात केळी करणाऱ्या एका शेतकऱ्याने माती तपासायला दिली आणि सोबत चिठ्ठी लिहिली: पानं पिवळी पडतात, घडाचं वजन दरवर्षी उतरतं, दोन वर्षं युरिया आणि पोटॅश वाढवलं तरी फरक नाही, आता डोस किती करू? अहवालाबरोबर मी त्यांना पत्र पाठवलं. नाव-गाव वगळून ते आज तुमच्यासमोर ठेवतो आणि जिथे उलगडून सांगावं लागेल तिथे थांबतो.

‘भाऊ, रामराम. आपल्या मातीचा सामू 8.9 आला आहे आणि विद्युत वाहकता 0.6. वाहकता कमी म्हणजे क्षार कमी, म्हणून रान चांगलं, असा अर्थ कृपया काढू नका.’

इथे पहिल्यांदा थांबतो, कारण सगळा घोळ इथून सुरू होतो. वाहकता पाण्यात मोकळे फिरणारे क्षार दाखवते. चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलेला सोडियम तिच्यात दिसत नाही. 2015 पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू, वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. सोडियम त्यांत नाही. म्हणजे पत्रिका हातात असूनही चोपण रानाचा खरा आजार तिच्यात लिहिलेला नसतो. सामू साडेआठच्या वर गेला की विनिमययोग्य सोडियम आणि जिप्समची गरज या तपासण्या वेगळ्या मागून घ्याव्या लागतात.

‘आपल्या मातीच्या कणांवर धरून ठेवलेल्या सगळ्या भारापैकी 18 टक्के जागा सोडियमने घेतली आहे. म्हणून ओली असताना माती पायाला लोण्यासारखी लागते, सुकली की दगड होते, आणि पावसाचं पाणी दिवसेंदिवस सरीत उभं राहतं.’

कॅल्शियम मातीच्या कणांना एकमेकांजवळ धरतो, त्यांचे रवे होतात आणि रव्यांमधून पाणी व हवा खाली जाते. सोडियम स्वतःभोवती पाण्याचं जाड वेष्टन बाळगतो. तो कणाला घट्ट बिलगत नाही, त्यामुळे कण एकमेकांना ढकलतात, सुटे होतात आणि बारीक छिद्रांत जाऊन बसतात. मुळाला हवा मिळत नाही. सामू जास्त असल्याने युरियातल्या नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन उडतो, स्फुरद चुन्याशी बांधला जातो, लोह आणि जस्त मातीत असून मुळाला मिळत नाही. पानं पिवळी दिसतात ती यामुळे. वाढवलेलं खत अशा रानात मुळापर्यंत पोचतच नाही, मग डोस दुप्पट करून काय होणार?

‘15 टक्क्यांच्या वर सोडियम म्हणजे चोपण’ हा आकडा अमेरिकेतल्या क्षार प्रयोगशाळेच्या 1954 च्या पुस्तकामुळे जगभर रूढ झाला. आपल्या काळ्या मातीत चिकणमाती इतकी जास्त असते की तिची घडी त्याहून बरीच आधी मोडते. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हे दिसून आलेलं आहे. तेव्हा बारा टक्के आले म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

त्या शेतकऱ्याने नंतर फोनवर एक फार नेमका प्रश्न विचारला: माझ्या मातीत चुनखडीचे खडे दिसतात, म्हणजे कॅल्शियम आहेच, मग विकत कशाला आणू? खरं आहे, कॅल्शियम आहे. पण चुनखडी अशा सामूला जवळजवळ विरघळतच नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात साधारण अडीच ग्रॅम विरघळतं, आणि विरघळलेला कॅल्शियमच सोडियमला कणावरून उठवू शकतो. उठलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात मोकळा होतो आणि निचरा असेल तर मुळांच्या खाली वाहून जातो. चुनखडीच्या रानात गंधकही चालतं. जीवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल चुना विरघळवतं. मात्र त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात.

‘हिशोब असा. आपली माती शंभर ग्रॅममागे 50 एकक भार धरते, त्यात 9 एकक सोडियम आहे. तो 5 वर, म्हणजे दहा टक्क्यांवर आणायचा, तर 4 एकक काढावे लागतील. वरच्या सहा इंच मातीतला एक एकक सोडियम काढायला एकरी पाऊण टनाहून थोडं जास्त शुद्ध जिप्सम लागतं. चार एककांना तीन टनांच्या थोडं वर. बाजारातलं जिप्सम 80 टक्के शुद्ध धरलं तर जवळपास चार टन. पहिल्या वर्षी त्यातलं निम्मं, एकरी दोन टन टाका आणि पुढच्या उन्हाळ्यात माती पुन्हा तपासा.’

निम्मं का, तर खर्च एकदम अंगावर येत नाही आणि माती कशी वळते ते पाहून पुढचं ठरवता येतं. एक टन जिप्सम विरघळायला एकरावर सुमारे चार इंच पाणी हवं. हे पाणी ठिबक देऊ शकत नाही. ठिबकने फक्त खोडाभोवतीचा गोल भिजतो आणि क्षार त्याच्या कडेला साठतात. म्हणून मी त्यांना मृगबाग सोडायला सांगितलं. जुनी बाग निघाली की रान सपाट करायचं, खालच्या बांधाला चर काढायचा, मेच्या शेवटी जिप्सम सारखं पसरून वरच्या चार-सहा इंचांतच मिसळायचं. खोल नांगरलं तर ते जास्त मातीत वाटलं जाऊन पातळ होतं. पावसाळ्यात बांध घालून पाणी मुरू द्यायचं, धैंचा पेरायचा, दीड महिन्याने फुलावर येताच गाडायचा आणि ऑक्टोबरमध्ये कांदेबाग लावायची. एक हंगाम जातो हे मी जाणतो. चर नसेल तर मात्र हा सगळा खर्च वाया जातो, कारण सुटलेला सोडियम तिथेच थांबतो.

घरी खात्री करायची तर काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीचं पाणी घ्या, त्यात सुकलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि ग्लास हलवू नका. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ राहिलं तर सोडियमचा संशय धरा. विहिरीच्या पाण्यात हीच परीक्षा फसते, कारण त्यातले क्षार कण खाली बसवतात. आणि उलटं प्रकरण असेल, म्हणजे वाहकता चारच्या वर आणि सामू साडेआठच्या खाली, तर रान खारवट आहे. तिथे जिप्समवर पैसे घालू नका, निचरा करून गोड पाण्याने धुवा.

पत्राचा शेवट पाण्याबद्दल होता. यावल-रावेर पट्ट्यात भूजल उपसून आपण खोल गेलो आहोत. ज्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं, ते पाणी सुकताना कॅल्शियमचा चुना करून खाली बसवतं आणि सोडियम तेवढा मातीत ठेवतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून जेवढे भरतात त्याहून कार्बोनेट-बायकार्बोनेट लिटरमागे अडीच एककांपेक्षा जास्त निघाले, तर ते पाणी केळीला नेहमीसाठी देता येत नाही, आणि तेच देत राहिलो तर जिप्समने सुधारलेलं रान पुन्हा चोपण होतं. म्हणून मी लिहिलं: ‘बोअर दहा मिनिटं चालू द्या, मग स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी माझ्याकडे पाठवा. त्याचा अहवाल आल्याशिवाय जिप्समची गाडी मागवू नका.’