टाका उसवताना

यंत्रावर घातलेली शिवण उसवावयाची असली, म्हणजे जाणती बाई कापड दोन्ही हातांनी ओढीत नाही. दर तीनचार टाक्यांआड एक टाका ती कात्रीच्या टोकाने तोडते आणि मग उलट बाजूचा दोरा हलकेच ओढून घेते. शिवण सुटते, पण कापड शाबूत राहते. रोमन ग्रंथकार सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये मैत्रीविषयी एक संवाद लिहिला. त्यातील लीलियस हा वृद्ध केटोचे मत म्हणून नेमकी हीच उपमा देतो. जी मैत्री पुढे चालविणे अशक्य झाले, ती फाडू नये, उसवावी, असे त्याचे सांगणे. एखादा असह्य अपराधच घडला तर गोष्ट निराळी, एवढा अपवाद तो करतो.

उसवावी हे खरे. पण कशी, हे त्या संवादात फारसे आलेले नाही. अशा अनेक जोड्यांवरून रचलेले एक उदाहरण त्यासाठी पाहण्याजोगे आहे. सांगलीची एक शिक्षिका आणि कोल्हापुरातील तिची मैत्रीण या दोघी वसतिगृहात तीन वर्षे एका खोलीत राहिलेल्या. एकीच्या ताटातले दुसरीने घ्यावे, असा त्यांचा स्नेह. पुढे मैत्रिणीचे सासरी बिनसले. तेव्हापासून रोज रात्री नवाला तिचा दूरध्वनी येऊ लागला, आणि तो साडेदहापर्यंत चाले. पहिले वर्ष शिक्षिकेने ते आनंदाने ऐकले. दुःखात असलेल्या माणसाने मैत्रीवर भार टाकावा, यात गैर काहीच नाही. मैत्री त्याचसाठी असते. पण सासरचा तंटा मिटला, मैत्रिणीला नोकरी लागली, तरी नवाचा दूरध्वनी चालूच राहिला. आता सासूच्या जागी कचेरीतील वरिष्ठ आले, एवढाच फरक.

येथे पहिली पारख करावी लागते. संकटाचा भार आणि सवयीचा भार यांत भेद असतो, आणि तो एका दिवसात कळत नाही. शिक्षिकेने तीन आठवडे एका लहानशा वहीत टिपण ठेवले. सतरा संभाषणांपैकी दोनच वेळा तिला ‘तू कशी आहेस?’ असे विचारले गेले. ‘आई पडली गं, मांडीचे हाड मोडले आहे,’ असे तिने एकदा सांगितले. त्यावर ‘अगं बाई!’ एवढे उत्तर आले, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा कचेरी सुरू झाली. तरीही तिने घाई केली नाही. ‘मला या आठवड्यात तुझा आधार हवा आहे,’ असे तिने एकदा उघड मागून पाहिले. पुष्कळ मैत्रिणी येथेच सावध होतात आणि उसवण्याची वेळच येत नाही. ही झाली नाही.

त्यानंतर तिने जे केले, ते बहुतेक सर्वजण करतात आणि ते चुकते. तिने सबबी सांगण्यास आरंभ केला. आज डोके दुखते, आज पाहुणे आहेत. सबबीत दोन दोष असतात. एक तर पाहुणे गेले, की सबबही जाते. दुसरा दोष अधिक मोठा. तीन दिवस टाळाटाळ केल्यावर चौथ्या दिवशी तिचे मन खाई, आणि ती दोन तास देऊन बसे. त्यामुळे मैत्रीण एकच गोष्ट शिकली: नेट धरला, की दार उघडते. दूरध्वनी कमी होण्याऐवजी वाढले. अनियमित मिळणारे फळ माणसाला नियमित मिळणाऱ्या फळापेक्षा अधिक चिकाटीने ताटकळत ठेवते, हे मानसशास्त्रात चांगले सिद्ध झालेले आहे.

शेवटी तिने खरे ते सांगितले. ‘अगं, रोज रात्री बोलणे मला आता झेपत नाही. रविवारी सकाळी दहाला मी तुला फोन करीन, अर्धा तास.’ यात दोषारोप नव्हता. ‘तू स्वार्थी आहेस’ असे म्हटले असते, तर तो खटला झाला असता आणि दोन्ही बाजूंनी जुने पुरावे निघाले असते. मैत्रीण रागावली, रडली, आठ दिवस अबोला धरून बसली. शिक्षिकेने मात्र रविवारी दहाला न चुकता दूरध्वनी केला. शब्द पाळणे हाच या साऱ्या प्रकरणातला दयाळूपणा. काही महिन्यांनी आठवड्याचा पंधरवडा झाला, पुढे सणावारी पत्र राहिले. समाईक मैत्रिणींपाशी तिने यातले अक्षरही काढले नाही, आणि मैत्रिणीच्या आईच्या औषधपाण्याची चौकशी पूर्वीसारखीच चालू ठेवली. तो धागा निराळा होता. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावयास हवी. समोरचे माणूस जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर ती उसवण्याची वेळ नव्हे. तेव्हा घरच्यांना आणि वैद्यांना सांगावे. तो भार एकटीने वाहावयाचा नसतो, तसा गुपचूप टाकावयाचाही नसतो.

येथवर सारे हिशेबाने झाले. पुढचे मात्र हिशेबाबाहेरचे होते. रात्रीचे नऊ वाजले, की शिक्षिकेला प्रथम सुटल्यासारखे वाटे, आणि त्याच क्षणी लाजही वाटे. शाळेत काही गमतीचे घडले, तर ते सांगण्यासाठी मनात जो चेहरा उभा राही, तो हिचाच. मैत्रीण दुरावली म्हणजे एक माणूस दुरावते, इतकेच नव्हे. आपण अठरा वर्षांच्या असताना कशा हसत होतो, कोणाला भीत होतो, याची एकमेव साक्षीदार दुरावते.

लीलियसचा तो संवाद घडतो, तेव्हा त्याचा जिवलग मित्र सिपिओ नुकताच वारलेला आहे, आणि लोक त्याची विचारपूस करीत आहेत. मृत्यूला सुतक असते, दिवस असतात, दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहणारी माणसे असतात. उसवलेल्या मैत्रीला यांतले काहीच नाही. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून ओळखत नाही, अशा दुःखाला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली ग्रंथरूपाने वाट करून दिली. आणि येथे तर दूर होणारी स्वतःच शोक करणारी! ‘तूच सोडलेस, मग रडतेस कशाला?’ हा प्रश्न लोक विचारीत नाहीत, कारण त्यांना ठाऊकच नसते. तो ती स्वतःला विचारते. प्रश्नच चुकीचा आहे. भार सोडला आणि जिव्हाळाही गेला. दोन्ही खरे असू शकते.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात असाच एक प्रश्न उपस्थित केला आहे. दोन मित्रांपैकी एक मनाने पुढे गेला आणि दुसरा तेथेच राहिला, तर पहिल्याने दुसऱ्याशी जणू कधी ओळखच नव्हती असे वागावे काय? त्याचे उत्तर नकारार्थी आहे. पूर्वीच्या सहवासाच्या स्मरणाखातर त्या मित्राला काही देणे लागते, असे तो मानतो.

शिक्षिकेपाशी वसतिगृहातील एक चादर आहे. दोघींनी मिळून तिच्यावर वेल भरावयास घेतला होता, आणि परीक्षा आल्याने तो अर्धाच राहिला. तो पुरा करावा, की चादर कोणाला देऊन टाकावी, याचा विचार ती काही दिवस करीत होती. पुढच्या दिवाळीला तिने नेहमीचे पत्र लिहिले, चारच ओळींचे, आणि आईच्या प्रकृतीची चौकशी केली. चादर तशीच घडी घालून पेटीत ठेवली.